खुलासा: कर्जमंजुरीचं पत्र आणि अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा

फिरणारा मेसेज: “बँकेचं सँक्शन लेटर असलं की बीकेसीच्या इंटरव्ह्यूत दुसरा कुठलाच पैशाचा पुरावा लागत नाही.”

हे अर्धंच खरं आहे. शैक्षणिक कर्ज पुरावा म्हणून चालतं. पण अमेरिकेच्या नियमानुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च हाताशी हवा आणि पुढच्या वर्षांची सोयही पटण्याजोगी हवी. खर्चाचा आकडा विद्यापीठाच्या आय-२० वर असतो.

समजा, आय-२० वर ५४,००० डॉलर आहेत. डॉलर ९० रुपये धरला तर ४८ लाख ६० हजार होतात. पत्र ४० लाखांचं असेल, तर उरलेल्या ८ लाख ६० हजारांसाठी पालकांचं बँक स्टेटमेंट किंवा एफडीची पावती लागेलच.

पत्राच्या अटी नीट वाचा. ‘व्हिसा मिळाल्यावर रक्कम देऊ’ ही अट नेहमीची आहे, तिला घाबरू नका. मात्र ‘तत्त्वतः मंजुरी’ किंवा ‘तारण फ्लॅटचं मूल्यांकन बाकी’ असं लिहिलं असेल, तर कर्ज अजून पक्कं नाही. शाखेतून अंतिम मंजुरीचं पत्र घ्या आणि त्याची मुदत इंटरव्ह्यूच्या तारखेपुढे आहे ना, तेही पाहा.

पत्र भक्कम असलं तरी व्हिसा अधिकारी अभ्यासाचा हेतूही तपासतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.