नोटीस नरम हवी की गरम?

ज्या सहल कंपनीने माझे ४६,००० रुपये अडकवून ठेवले आहेत, तिने परवा सकाळी मला 'प्रिय पाहुणे' असे संबोधून वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या आणि पुढच्या सहलीवर १० टक्के सवलतही देऊ केली. सिमला-मनालीची सहल पुरेसे प्रवासी न मिळाल्यामुळे कंपनीनेच रद्द केली होती आणि भरलेली सगळी रक्कम '७ ते १० कामकाजाच्या दिवसांत' परत मिळेल, असे कंपनीनेच लेखी कळवले होते. त्यानंतर मनालीत बर्फ पडून वितळला, तरी कंपनीचा दहावा कामकाजाचा दिवस काही उजाडला नाही.

तोवरचा माझा सगळा पत्रव्यवहार सौजन्यपूर्ण होता. आरक्षणाचा क्रमांक, रक्कम, त्यांच्या रद्दपत्राची तारीख आणि 'परतावा पाठवला असल्यास यूटीआर क्रमांक कळवावा' ही विनंती, एवढाच मजकूर मी दर वेळी लिहीत असे. यातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. बँकेतून पैसे खरोखर निघाले असतील तर त्या व्यवहाराला क्रमांक असतोच, आणि समोरचा माणूस 'प्रोसेसमध्ये आहे' एवढेच म्हणत राहिला, तर पैसे जागचे हललेले नाहीत असे खुशाल समजावे. मला उत्तरादाखल प्रत्येक वेळी जोडलेले दोन हात आले, क्रमांक आला नाही. उत्तर देणारी मुलगीही दर वेळी वेगळी असे, आणि मागच्या मुलीने काय सांगितले होते हे नव्या मुलीला मीच समजावून सांगत असे.

शुभेच्छा वाचल्यावर मात्र मी थेट शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर जाऊन एका टायपिंगवाल्यासमोर बसलो. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि चहावाल्याने साखरेचे विचारावे तितक्या सहजपणे विचारले, "साहेब, नोटीस नरम हवी की गरम?"

"फरक काय?"

"नरम पन्नास रुपये, गरम शंभर."

"गरम दुप्पट का?"

"तिला कलमे लागतात."

त्याच्या संगणकावर खरोखरच 'नरम' आणि 'गरम' अशी दोन फोल्डरे होती. गरम फोल्डरमधली पहिली फाइल त्याने उघडली, तेव्हा माझी सहल कंपनी 'सामनेवाले' झाली, मी 'नोटीस देणार' झालो, आणि 'सबब' या शब्दाने सुरू होणारी, श्वास न घेता वाचावी लागणारी तीन वाक्ये पडद्यावर उमटली. त्यांत फसवणूक होती, विश्वासघात होता, फौजदारी कारवाई होती, आणि मागच्या कुणा अशिलाची राहून गेलेली सामाईक विहीरही होती.

"विहीर काढा," मी म्हणालो.

"काढतो. पण वजन कमी होईल."

बाकावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझे नरम पत्र आपणहून हातात घेतले, चष्मा नसल्याने लांब धरून पूर्ण वाचले आणि निर्णय दिला, "हे तर शाळेत रजेचा अर्ज लिहितात तसं लिहिलंय. असं लिहिल्यावर कोण पैसे देईल?" मग टायपिंगवाल्याच्या पडद्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "आणि हे वाचून तो वकील करील. मग तुम्हाला पण करावा लागेल. दोन वकील जेवतील, तुम्ही उपाशी."

मावशींचे हे म्हणणे मला अजून खोडून काढता आलेले नाही. माझा पैसा थेट देण्याघेण्याच्या वादातला आहे. त्यात पोलिसांची भीती घातली की कंपनीतला जो माणूस कदाचित धनादेशावर सही करणार होता, तो कागद कायदेशीर सल्लागाराकडे ढकलून मोकळा होतो, आणि आपण तर पोलीस ठाण्यात जाणार नसतो. जे आपण उद्या उठून खरोखर करणार नाही, त्याची धमकी कागदावर लिहिली की समोरच्याला आपली ताकद नव्हे, तर तिची मर्यादा कळते.

उलट सौजन्यालाही मुदत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि मधल्या काळात आपण किती गोड पत्रे लिहिली याचा या मुदतीवर परिणाम होत नाही. तोच कायदा असेही म्हणतो की सदोष सेवेचा मोबदला पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे वाक्य टायपिंगवाल्याच्या तिन्ही 'सबबां'पेक्षा जड आहे आणि ते चढ्या आवाजात म्हणावे लागत नाही.

म्हणून आम्ही दोन पत्रे केली. रोज नवी नेमली जाणारी जी मुलगी खिडकीवर बसते, तिच्यासाठी पूर्वीचेच नम्र पत्र ठेवले, कारण तिला ओरडून तिच्या हाती नसलेले पैसे मिळणार नाहीत. दुसरे पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, मालकाच्या नावे केले. त्यात रक्कम, तारखा, त्यांचेच वचन शब्दशः, पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, आणि 'त्यानंतर मी राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे व्याज आणि खर्चासह तक्रार दाखल करीन' एवढेच वाक्य घातले. राहत्या ठिकाणी तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, हे मालकाला ठाऊक असतेच. ते आपल्यालाही ठाऊक आहे, एवढे त्याला कळले की पुरे. आधी नोटीस देणे सक्तीचे नाही, पण आयोगासमोर ती उपयोगी पडते.

"ही नरम नाही, गरमही नाही," टायपिंगवाला नाराजीने म्हणाला, आणि पंचाहत्तर रुपये घेतले.

पोस्टात पुन्हा थोडे पैसे गेले. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे जुनी गुलाबी पोचपावती मागणाऱ्या माझ्याकडे खिडकीवरच्या बाईंनी दयेने पाहिले. स्वतःचेच पैसे मागण्यासाठी टायपिंग, छायाप्रती आणि टपाल यांवर मी खर्च करावा, आणि माझ्या ४६,००० वरचे व्याज त्यांनी खावे, हा हिशेब मला अजूनही समजत नाही. आमच्या करारात हप्ता उशिरा भरल्यास आरक्षण आपोआप रद्द होईल, असे ठळक अक्षरांत छापले होते. कंपनीने उशीर केल्यास काय, याला आडवे अक्षरसुद्धा मिळाले नव्हते.

नोटीस पोहोचल्याच्या संध्याकाळी व्यवस्थापकाचा फोन आला. "अहो काका, नोटीस कशाला, एक फोन करायचा ना!"

मी काही बोललो नाही, म्हणून तोच पुढे बोलू लागला. पैशांऐवजी वर्षभर चालणारे सहल-कूपन घ्या, वर पाच हजारांची भर घालतो, असे त्याचे म्हणणे होते. कूपन स्वीकारले असते, तर मूळ रकमेवरचा माझा दावाच संपला असता. म्हणून मी शांतपणे नकार दिला आणि पैसे कोणत्या तारखेला देणार ते लिहून पाठवायला सांगितले. त्याने लगेच तारीख पाठवली, खाली जोडलेले हातही पाठवले. मग तासाभराने आणखी एक संदेश आला, की त्या दिवशी रविवार असल्याने थोडे मागेपुढे होईल.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रविवारीही चालते, हे मी त्याला उत्तरात कळवले आहे. ते पत्र नरम फोल्डरमधलेच आहे.