पिठाचा ताळेबंद

कन्येने जिम लावल्यापासून आमच्या घरात पदार्थाला नुसतं 'छान झालंय' म्हणण्याची सोय राहिलेली नाही. पोह्यांचे मॅक्रोज, आमटीचे मॅक्रोज, काकडीच्या कोशिंबिरीचेसुद्धा मॅक्रोज. म्हणजे प्रोटीन किती, कार्ब्ज किती, फॅट किती, आणि शेवटी कॅलरी किती. पोळी-भाजी तिने कशीबशी मोबाईलमधल्या ॲपच्या गळी उतरवली. गाडं अडलं ते इडलीच्या पिठावर. ॲपमध्ये 'इडली' शोधलं की एक इडली ४० कॅलरींची निघते आणि तिच्याच खालची ८० ची. कोणाच्या घरची, केवढ्या साच्यातली, काही पत्ता नाही. आणि आमच्या घरचं पीठ म्हणजे हिच्या हातचा अंदाज: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, चिमूटभर मेथ्या, मूठभर पोहे.

'बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेब लिहिलेत, हाही लिहा,' असं म्हणून खातं माझ्याकडे आलं.

पहिलाच तंटा वजन कधी करायचं यावरून झाला. कन्येने तांदूळ-डाळ भिजल्यावर काट्यावर ठेवली होती. तांदूळ भरले ८०० ग्रॅम, उडीद डाळ ४२०. हे आकडे तिने ॲपमध्ये कच्चा तांदूळ आणि कच्ची डाळ म्हणून घातले. ॲप हे यंत्र असल्याने त्याला लाज नसते. त्याने पूर्ण पिठाला १६१ ग्रॅम प्रोटीन देऊन टाकलं. चाळीस इडल्या धरल्या तर दर इडलीत चार ग्रॅम! कन्या हरखली. ही म्हणाली, 'बघा, उगाच ते पावडरीचे डबे आणता.'

मी जमाखर्च तपासायला घेतला. ॲपने दाखवलेले कार्ब्ज ८३८ ग्रॅम आणि प्रोटीन १६१, बेरीज ९९९. डब्यातून काढलेलं कोरडं धान्य मात्र होतं ८०० ग्रॅम, ६०० तांदूळ आणि २०० डाळ. आठशे ग्रॅम धान्य दिलं आणि हजार ग्रॅम सत्त्व परत आलं, असा धंदा असता तर मी निवृत्त कशाला झालो असतो? वरचे सगळे ग्रॅम हे नळाचं पाणी होतं, आणि कन्या त्याला डाळीच्या भावाने प्रोटीन लावत होती. ही तपासणी कुठल्याही पिठाला लावता येते: प्रोटीन, कार्ब्ज आणि फॅट मिळून कोरड्या वजनापेक्षा जास्त भरले, तर कोणीतरी भिजलेलं धान्य कच्चं म्हणून लिहिलंय. एका भाच्याने उलटी कमाल केली होती. त्याने तांदळासाठी 'शिजलेला भात' निवडला, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी, आणि इडली इतकी हलकी काढली की ती खाऊन वजन घटायला हवं होतं.

खरा हिशेब कोरड्यावरच करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांच्या आसपासचे गोल आकडे मी धरले. १०० ग्रॅम तांदळात ३५५ कॅलरी, ८ ग्रॅम प्रोटीन, ७८ ग्रॅम कार्ब्ज. १०० ग्रॅम उडीद डाळीत ३२५ कॅलरी, २३ ग्रॅम प्रोटीन, ५१ ग्रॅम कार्ब्ज. (डाळीच्या पाकिटावर कार्ब्ज साठच्या घरात दिसले तर दचकू नये, तिथे तंतू कार्ब्जमध्येच मोजलेले असतात, या तक्त्यात वेगळे.) ६०० ग्रॅम तांदळाच्या २१३० कॅलरी, २०० ग्रॅम डाळीच्या ६५०, एकूण २७८०. प्रोटीन तांदळाचं ४८, डाळीचं ४६, मिळून ९४. कार्ब्ज ५७०. फॅट सहा-सात ग्रॅम, म्हणजे नसल्यात जमा.

इथे मी जरा थांबलो. वजनात डाळ जेमतेम पाव हिस्सा, पण प्रोटीनमध्ये जवळजवळ निम्मी भागीदार! तेव्हा 'डाळ महाग झालीय' म्हणून वाटी शिगोशीग भरायची की सपाट, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच तात्त्विक झाला. मूठभर पोह्यांवरून मात्र मी भांडलो नाही. मूठ काट्यावर ठेवायला ही तयार नव्हती. मूठ तीस-पस्तीस ग्रॅमची, म्हणजे अख्ख्या पिठाच्या पाच टक्क्यांवर काही जात नाही. तेवढ्यासाठी संसार पणाला लावू नये.

मग वाटण झालं. पातेलं मी आधीच रिकामं तोलून ठेवलं होतं. ते वजा जाता पीठ भरलं बरोबर दोन किलो. त्यातलं १२०० ग्रॅम पाणी, ज्याच्या नावावर काहीच नाही. म्हणजे १०० ग्रॅम पिठात १३९ कॅलरी आणि ४.७ ग्रॅम प्रोटीन.

सकाळी पीठ झाकण उचलून बाहेर डोकावत होतं. 'बाबा, दुप्पट झालं! आता कॅलरी?' मी पातेलं काट्यावर ठेवलं. दोन किलो. पिठातले जिवाणू थोडी साखर खातात आणि वायू सोडतात. त्या वायूने पीठ वर येतं, वजन वाढत नाही, आणि जे घटतं ते घरच्या काट्याला कळत नाही. म्हणून आंबलेलं पीठ वाटीने मोजण्यात अर्थ नाही: वर आलेल्या पिठाची वाटी आणि ढवळून बसलेल्या पिठाची वाटी यांत निम्माशिम्मा फरक पडतो. ग्रॅम मात्र ढवळा, नाहीतर आरती करा, तेवढेच राहतात.

आमच्या साच्याच्या एका खळग्यात ५० ग्रॅम पीठ बसतं. म्हणजे एक इडली ७० कॅलरी, प्रोटीन २.३५ ग्रॅम. इडली उकडल्यावर तोलायची गरज नाही. वाफेत पाणी आत जाईल किंवा बाहेर, पीठ तेवढंच. चार ग्रॅमवरून सव्वादोनवर आलेली कन्या माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

एक किलोच्या वीस इडल्या झाल्या. उरलेल्या किलोत दुसऱ्या दिवशी हिने डोशांसाठी २०० ग्रॅम पाणी घातलं, तेही मला न विचारता, आणि १३९ चा आकडा बाद झाला. घाबरायचं कारण नव्हतं. निम्म्या पिठाच्या १३९० कॅलरी होत्या तशाच होत्या, फक्त आता त्या १२०० ग्रॅममध्ये पसरल्या होत्या: १०० ग्रॅमला ११६. नव्वद ग्रॅमची पळी १०४ कॅलरींची. कन्या खूश. 'म्हणजे डोसा बराय की!'

मी काही न बोलता तेलाची बाटली काट्यावर ठेवली. ही डोसे घालते तेव्हा कडेने तेल सोडण्याची तिची एक लय आहे. त्या लयीला चमचा हे माप लागू होत नाही. तेराव्या डोशाआधी बाटली पुन्हा तोलली. साठ ग्रॅम कमी. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे ५४०, बारा डोशांत वाटून प्रत्येकी ४५. १०४ चा डोसा तव्यावरून उतरेपर्यंत १४९ चा झाला होता, आणि तांदूळ-डाळीचा त्यात काही दोष नव्हता.

'शेवटचा बिनतेलाचा घाल,' कन्या म्हणाली. आमचा तवा लोखंडी आहे. हिने माझ्याकडे पाहिलं, कन्येकडे पाहिलं, आणि तेल न सोडता पळी फिरवली. तो डोसा उलथन्याने खरवडून निघाला, तुकड्या-तुकड्यांनी. ते तुकडे मी ओट्याशी उभ्यानेच खाल्ले, आणि त्याच्या १०४ कॅलरी कन्येने तत्परतेने माझ्या नावावर टाकल्या.