मोडाच्या मुगाला आंबूस वास? तो मुरल्याचा नव्हे, गुदमरल्याचा

‘मूग बारा-चौदा तास भिजवा, फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवा. दोन दिवस उघडू नका, पाणी लावू नका, नाहीतर मोड तुटतात. आंबूस वास आला की समजा पोटाला चांगले जंतू तयार झाले.’

मोड आणण्याचा असा सल्ला दिला जातो, पण तो मला पटत नाही. आधी वासाबद्दल. दह्यात आपण विरजण घालतो, म्हणून कोणते जंतू वाढणार ते ठाऊक असतं. पुरचुंडीत विरजण नसतं, तिथे जे सापडतील ते वाढतात. चांगल्या मोडांना कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येतो. आंबूस वास आणि बोटांना बुळबुळीतपणा लागला तर मूग टाकून द्यावेत. उकळून भागत नाही, कारण काही जंतूंचं विष उकळल्यावरही टिकतं.

हा वास येतो तो बहुधा ‘उघडू नका’ मुळेच. मोड येणारा दाणा श्वास घेतो आणि ऊब सोडतो. भिजताना दाण्यांतली, विशेषतः फुटक्या दाण्यांतली, साखर पाण्यात उतरते. बंद डबा, ऊब, साखर आणि ओल एकत्र आली की आंबायला आणखी काय हवं? धुतल्याने ती साखर निघून जाते, दाणे थंड होतात आणि हवा खेळते. मोड तुटतात ते चोळल्याने. चाळणी पाण्यात बुडवून अलगद हलवली तर एखाददुसराच तुटतो. आजीही पुरचुंडी बांधायची हे खरं, पण ती खुंटीला टांगलेली असायची, झाकणाच्या डब्यात नाही.

मे महिन्यातलं माझं वेळापत्रक असं. एक वाटी मूग निवडून फुटके दाणे काढते, रात्री दहाला भरपूर पाण्यात घालते. सकाळी सहाला, म्हणजे आठ तासांनी, उपसते. चौदा तासांत उन्हाळ्यात भिजवणीवरच फेस येतो. दोनदा धुऊन चाळणीत वीस मिनिटं निथळते, मग घट्ट पिळलेल्या पंच्यात सैल गुंडाळून चाळणीतच ठेवते. दुपारी एकला आणि रात्री आठला पुन्हा धुणं, पुन्हा पूर्ण निथळणं. निथळण्यात घाई केली तर धुतलेलं वाया जातं, तळाशी साचलेलं चमचाभर पाणीही खालचे दाणे नासवतं. दुसऱ्या सकाळी सेंटीमीटरभर मोड आलेले असतात. थंडीत हेच दीड-दोन दिवस घेतं, तेव्हा दिवसातून दोनदा धुणं पुरतं. (एवढं करूनही वास आला तर पंचा हुंगा. माझा तोच निघाला होता. आता तो उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवते.)

वास नाही म्हणजे मोड कच्चे खायला निर्धोक, असंही नाही. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई-कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली. असे जंतू बियांवरच असू शकतात, धुण्याने ते पुरते जात नाहीत. म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर यांना उसळच द्यावी, नीट वाफवलेली.