लॉक-इनमध्ये झेरॉक्स मशीन बंद करण्याबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (1 स्टार): "ऑफिस बंद करतोय म्हणून झेरॉक्स मशीनचा करार मोडायचाय. 14 महिने 3,000 प्रमाणे 42,000 भरले. आता म्हणतात परत द्यायचं तर 30,000 भरा, विकत घ्यायचं तर 79,600 वर जीएसटी. मग भरलेले पैसे गेले कुठे? सरळ लूट आहे."

सर, तुमची फाईल मी स्वतः काढून बघितली. 79,600 चा आकडा चुकीचाच होता आणि ती चूक आमची आहे. मशीनची राहिलेली किंमत 49,600 आणि त्यावर लॉक-इनचे 10 महिन्यांचे 30,000 असं आमच्या ऑफिसने दोन्ही जोडून पाठवलं. तुम्ही मशीनच विकत घेताय तर लॉक-इनचं भाडं कशाचं, दोन्ही एकदम कधीच लागत नाही. त्याबद्दल मनापासून माफी.

आता 42,000 चं. 3,000 मधले 1,600 च मशीनच्या किमतीत जातात, बाकी 1,400 मध्ये टोनर, सर्व्हिस, पार्ट आणि महिन्याच्या 4,000 कॉप्या येतात, म्हणून 14 महिन्यांचे 22,400 वळते झाले आणि 72,000 च्या मशीनचे 49,600 राहिले. 18% जीएसटी धरून 58,528, त्यातून तुमचं 10,000 डिपॉझिट वजा, म्हणजे 48,528 भरायचे. पण खरं सांगतो, तुम्ही घेऊ नका. शेवटच्या तीन रीडिंगला महिन्याला 500 च्या आसपास कॉप्या निघाल्यात, आणि मशीन तुमच्या नावावर झालं की टोनर, ड्रम सगळा खर्च तुमचाच, एवढ्याशा कामाला साधा छोटा प्रिंटर पुरेल.

परत देण्याचं म्हणाल तर करारात 30,000 लिहिलेत हे खरं, पण कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम 74 प्रमाणे ती वरची मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच मागता येते. हे मशीन साफ करून दुसरीकडे लावायला मला साधारण तीन महिने जातात, म्हणून तीन महिन्यांचं भाडं 9,000, जीएसटीसकट 10,620. डिपॉझिट वळतं करून तुमच्याकडून फक्त 620 येणं राहील. ड्रम झिजलाय त्याचे पैसे कापणार नाही, ती वापराची झीज आहे. ट्रे तुटलेला किंवा केबल गायब असेल तरच कापू, आणि तेही तुमच्यासमोर बघून.

एक काळजी मात्र घ्या, मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे आणि स्कॅन केलेली कागदपत्रं तिच्यात राहू शकतात. आमचा माणूस न्यायला येईल तेव्हा त्याच्याकडून ती समोर इरेज करून घ्या, शेवटचं मीटर रीडिंग दोघांच्या सहीने लिहा, फोटो काढा आणि करार संपल्याचं पत्र हातात आल्याशिवाय मशीन गाडीत चढवू देऊ नका. आमच्याकडचे काहीजण "पत्र नंतर मेल करतो" म्हणतात, ते ऐकू नका, त्या पत्राशिवाय सिस्टीममध्ये भाडं चालूच राहतं.

सुधारलेलं कोटेशन आजच मेल केलंय. तुम्ही कळवलं त्या तारखेनंतरचं भाडं धरलेलं नाही.