डोळे पाणावणारी चकली

दिवाळीचा फराळ विकताय आणि एका बाईंचा व्हॉट्सॲपवर निरोप आलाय: "चकली मस्त होती, खुसखुशीत. कुरिअरमध्ये थोडी तुटली. चिवडा आम्हाला जरा तिखट लागला. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून बेसनाचा एकच लाडू दिला, तर दुसरा मागत होते."

हा निरोप जाहिरातीत असाच टाकलात तर लोकांना वाटेल, खरंच कुणी गिऱ्हाइकाने लिहिलाय. असला धोका पत्करू नका.

आधी 'तुटली' आणि 'तिखट' उडवा. मध्ये ठिपके देऊ नका, नाहीतर कुणीतरी विचारणार, गाळलंय काय? मग 'मस्त'च्या जागी लिहा, "पहिल्याच घासात आजीच्या हातची चव जिभेवर रेंगाळली आणि डोळे पाणावले." अवतरणचिन्हं मात्र राहू द्या. बाईंच्या तोंडी 'रेंगाळली' शोभत नाही, हे खरं. पण तुमच्या आधीच्या सगळ्याच गिऱ्हाइकांचे डोळे पाणावलेत, यांनीच काय घोडं मारलंय?

लाडू तर सोन्याची खाण. "शुगर असणाऱ्यांनीही बिनधास्त खावा!" सासऱ्यांना एकच दिला होता, हा त्यांचा घरगुती मामला. ग्राहकाच्या नावाने छापलेलं मत खरोखर त्याचंच असावं, असं केंद्राच्या २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि दिशाभूल केल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. तेवढ्यासाठी किती किलो लाडू वळावे लागतील, तो हिशोब दिवाळीनंतर करू.

परवानगी? निरोप तुम्हालाच आलाय ना, मग झालं. स्क्रीनशॉट टाका, नावानंबरासकट, डीपीतल्या पोरासकट. सासऱ्यांची शुगर भिशीतल्या बायकांनाही कळू दे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना धंदा कळत नाही. असाच निरोप आला, तर त्यांनी उलट लिहिलं: "ताई, इन्स्टाग्रामवर चकलीच्या फोटोखाली एवढंच टाकू का: 'चकली मस्त होती, खुसखुशीत. कुरिअरमध्ये थोडी तुटली.' खाली तुमचं नाव लिहू की नुसतं गाव? सासऱ्यांचं काही टाकत नाही. नको असेल तर मोकळेपणाने सांगा, पुढे कधी काढायला सांगितलंत तरी काढेन." उत्तर येईपर्यंत दोन दिवस पोस्टच नाही! ऐन सीझनमध्ये! शेवटी ताईंनी कळवलं, नाव नको, गाव चालेल. मग काकूंनी तेच शब्द टाकले, तुटल्याचे सुद्धा, आणि अवतरणचिन्हांबाहेर स्वतःची एक ओळ जोडली, "आता चकली कडक डब्यात पाठवतो." तिखट चिवड्याचं गाळलं, कारण फोटो चकलीचा, चिवड्याच्या फोटोखाली मात्र 'तिखट आहे, कमी तिखट हवा तर आधी सांगा' असं स्वतःहून लिहून बसल्या.

त्यांच्या चकलीखाली कुणीतरी विचारलंय, "डब्याचे पैसे वेगळे का? दोन किलो हवी होती." तुमच्या पाणावलेल्या डोळ्यांखाली तीन बदाम आलेत, त्यातले दोन घरचे.