आलेख घसरला, पट्टी मात्र घट्ट झाली

प्रतिक्रिया: "लेख वाचला. तुम्ही म्हणता पॉलिथिन थंडच ताणलं की आणखी मजबूत होतं. पण तुमच्याच आलेखात यील्डनंतर, म्हणजे माल कायमचा लांबायला लागल्यावर, स्ट्रेस घसरलाय. घसरला म्हणजे माल कमजोर झाला ना? आमच्याकडे स्टीलच्या तुकड्याला नेक पडली, म्हणजे ओढताना एक जागा बारीक झाली, की तो तिथेच तुटतो. प्लास्टिकला वेगळा न्याय का?"

उत्तर:

आधी माझी चूक. त्या आलेखाच्या उभ्या अक्षावर नुसतं 'स्ट्रेस' लिहून मी मोकळा झालो. तो बल भागिले *मूळ* क्षेत्रफळ असा इंजिनिअरिंग स्ट्रेस होता. पट्टी बारीक होत जाते, पण हिशेबातलं क्षेत्रफळ तेच राहतं. तुमचा गोंधळ इथूनच सुरू झाला.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. एचडीपीईचा, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचा, डंबेल आकाराचा नमुना, मधला भाग 10 मिमी रुंद आणि 4 मिमी जाड, म्हणजे 40 चौरस मिमी. खोलीच्या तापमानाला, मिनिटाला 50 मिमी वेगाने ओढला. बल 1000 न्यूटनपर्यंत चढलं (25 एमपीए) आणि तिथे कुठेतरी नेक पडली. मग बल 700 न्यूटनवर उतरलं आणि बराच वेळ तिथेच रेंगाळलं. आलेखावर हे 17.5 एमपीए दिसतं. पण नेकमधला माल सातपट लांबलाय, म्हणजे तिथलं क्षेत्रफळ उरलं साधारण 5.7 चौरस मिमी. तेच 700 न्यूटन त्या बारीक भागातूनही जातं, कारण बल पट्टीभर सारखंच असतं. तिथला खरा स्ट्रेस निघतो 120 एमपीएच्या वर! आलेखात घसरला तो आकडा. नेकमधला माल यील्डच्या जवळजवळ पाचपट स्ट्रेस झेलत उभा आहे.

आता स्टील. पट्टी एखाद्या जागी 1 टक्का लांबली की तिथलं क्षेत्रफळ 1 टक्का घटतं. ती जागा तग धरायची तर मालाची खरी ताकद त्याच टप्प्यात 1 टक्क्याहून जास्त वाढायला हवी. स्टीलमध्ये नेक पडल्यावर ती तेवढी वाढत नाही, म्हणून बारीक जागा आणखी बारीक होते आणि तुटते. ही कसोटी कॉन्सिदेर या फ्रेंच इंजिनिअरने 1885 साली लोखंड-पोलादासाठी मांडली. पॉलिथिनही यील्डपाशी त्याच कसोटीत नापास होतं, म्हणून तर नेक पडते. गंमत पुढे आहे: काही पट लांबल्यावर ते पुन्हा पास होतं. मग नेक बारीक व्हायची थांबते आणि तिचे खांदे शेजारच्या जाड मालाला आत ओढत दोन्ही टोकांकडे सरकतात. न्याय एकच आहे, फक्त पॉलिथिनला दुसरी संधी मिळते.

ही दुसरी संधी पॉलिथिनच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमुळे मिळते. एचडीपीईमध्ये साखळ्या घड्या घालून पातळ पापुद्रे बनवतात. एकेक पापुद्रा साधारण 10 ते 20 नॅनोमीटर जाड असतो. दोन पापुद्र्यांच्या मध्ये विस्कटलेला, अस्फटिक भाग असतो आणि काही साखळ्या या पापुद्र्यातून त्या पापुद्र्यात शिरलेल्या असतात. त्यांना टाय मॉलिक्यूल म्हणतात. यील्डनंतर पापुद्रे कलतात, घसरतात, त्यांचे तुकडे पडतात आणि साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात. (हे निव्वळ घसरणं की मध्येच वितळून पुन्हा स्फटिक होणं, यावर अभ्यासकांचं जुनं भांडण आहे.) टाय मॉलिक्यूल आणि साखळ्यांचे एकमेकींतले गुंते ताणून ताठ झाले की पुढची प्रत्येक ओढ साखळीच्या कण्यावर येते, आणि ताकद झपाट्याने चढते. नेक बारीक व्हायची थांबते ती तिथे. म्हणूनच लांब साखळ्यांचा, जास्त गुंत्यांचा माल सहसा लवकर ताठ होतो आणि नेकमध्ये कमी पट लांबतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, पेन घ्या. ओढण्याआधी नमुन्यावर दर 5 मिमीवर रेघा मारा. नेक सरकताना तिच्या बाहेरच्या रेघा जवळपास 5 मिमीवरच राहतील आणि आतल्या साधारण 35 मिमीवर जातील. मधल्या अंतराच्या रेघा फक्त खांद्यावर सापडतील. नेक पांढरी पडली तर आत बारीक पोकळ्या झाल्या आहेत. मग वरचा 5.7 चा हिशेब थोडा चुकतो, कारण तो आकारमान बदललं नाही असं धरून केलाय. वेग फार वाढवलात तर नेक गरम होते आणि कधी कधी नमुना अर्ध्यातच तुटतो. असा निकाल दाखवून मला खोटं पाडू नका!

एका बाबतीत मात्र तुमचा संशय बरोबर आहे. 'मजबूत' हा शब्द मी सैल वापरला. ताकद वाढते ती फक्त लांबीच्या दिशेने. आडव्या दिशेला साखळ्यांना धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. ओढलेल्या भागाला टोकाशी ब्लेडची चीर द्या आणि दोन बाजूंना फाका. ज्याला ओढून तोडताना हात दुखले, तोच माल उसाच्या पाचटासारखा उभा चिरत जाईल.