झाकणं मोजायला, पण कोणाला?
“बाटल्यांची झाकणं दोन वर्षांच्या मुलांना मोजायला द्या.”

नको! पाण्याच्या बाटलीचं झाकण जेमतेम ३ सेंटिमीटर रुंद. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात अख्खी मावणारी वस्तू बाद, कारण ती घशात अडकू शकते. घरी टॉयलेट रोलची रिकामी नळी वापरा. ती जरा रुंद असते, तेवढंच बरं.

मी झाकणं पारदर्शक बाटलीत भरून खुळखुळा केला, बूच साध्या गोंदानं चिकटवलं. चार दिवसांत गोंद पापुद्र्यासारखा सुटला, त्या प्लॅस्टिकवर तो धरतच नाही. आता बूच घट्ट पिळून चिकटपट्टीचे तीन वेढे देते आणि खेळायला देण्याआधी दर वेळी ओढून बघते.